नमुना निवड: सराव प्रश्नसंच, उत्तरं आणि कारणांसह

द्वितीय वर्ष, सांख्यिकी. घटक चाचणी सोमवारी आहे. आधी वहीत स्वतः उत्तर लिहा, मगच खालचं कारण वाचा. चाचणीत नुसतं ‘इ’ किंवा ‘चूक’ लिहिलंत तर अर्धाच गुण मिळेल.

विभाग १: योग्य पर्याय निवडा

प्र. १. एका गावातल्या कुटुंबांच्या पाणीवापराची पाहणी करायची आहे. ग्रामपंचायतीच्या घरपट्टी रजिस्टरात १,२४० घरं आहेत आणि त्यातून ६२ निवडायची आहेत. इथे हे रजिस्टर म्हणजे काय?
(अ) समष्टी (आ) नमुना (इ) नमुना चौकट (ई) नमुना एकक

उत्तर: (इ). ज्या यादीतून आपण निवड करतो ती चौकट. समष्टी म्हणजे गावातली खरीखुरी सगळी कुटुंबं, आणि या दोन्ही गोष्टी क्वचितच तंतोतंत जुळतात. माळावर खोप्या टाकून राहिलेल्या ऊसतोड टोळ्या पाणी याच गावचं भरतात, पण घरपट्टी रजिस्टरात त्यांचं नाव नाही. चिठ्ठ्या कितीही प्रामाणिकपणे उचलल्या तरी ती कुटुंबं नमुन्यात येणार नाहीत.

प्र. २. वरच्याच यादीतून पद्धतशीर निवड केली. पहिलं घर यादृच्छिक संख्येने ७ क्रमांकाचं आलं. चौथं घर कोणतं?
(अ) ४७ (आ) ६७ (इ) ८० (ई) ८७

उत्तर: (आ). अंतर १२४० ÷ ६२ = २०. घरं ७, २७, ४७, ६७. दरवर्षी निम्मा वर्ग ७ + ४ × २० करून ८७ लिहितो. चौथ्या घरापर्यंत उड्या तीनच होतात.

प्र. ३. गावात ३०० बागायतदार, ५०० जिरायतदार आणि २०० भूमिहीन कुटुंबं आहेत. प्रमाणशीर वाटप करून ८० कुटुंबांचा स्तरित नमुना घेतला, तर जिरायतदार किती?
(अ) १६ (आ) २४ (इ) २७ (ई) ४०

उत्तर: (ई). ८० × ५००/१००० = ४०. ज्यांनी २७ लिहिलं त्यांनी ८० चे तीन सारखे वाटे केले. तेही एक वाटपच, पण प्रमाणशीर नव्हे.

प्र. ४. स्तर आणि समूह यांबाबत कोणतं विधान बरोबर?
(अ) दोन्ही आतून एकजिनसी असावेत (आ) स्तर आतून एकजिनसी, समूह आतून मिश्र असावा (इ) स्तर आतून मिश्र, समूह एकजिनसी असावा (ई) दोन्हींतून काही गट पूर्ण वगळतात

उत्तर: (आ). स्तरित पद्धतीत प्रत्येक स्तरातून थोडी थोडी माणसं घेतो, म्हणून स्तराच्या आत फरक कमी असलेला बरा. समूह पद्धतीत मोजकेच समूह उचलून त्यांतलं प्रत्येक घर घेतो, म्हणजे त्या मोजक्यांनी सगळ्यांच्या वतीने बोलायचं असतं. वाडी हा समूह धरला आणि वाडीभर एकच भावकी, सगळ्यांचं पाणी एकाच विहिरीचं असेल, तर चाळीस घरं फिरूनही एकाच घराइतकी माहिती हाती येते.

प्र. ५. सकाळी अकराला एसटी स्टँडवर उभं राहून समोर येईल त्याला प्रश्न विचारले. हा कोणता नमुना?
(अ) साधा यादृच्छिक (आ) सोयीचा (इ) स्तरित (ई) पद्धतशीर

उत्तर: (आ). कुणाला निवडलं जाण्याची संभाव्यता किती, हेच सांगता येत नाही.

प्र. ६. ‘लिटररी डायजेस्ट’ने १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या. अंदाज निघाला लँडन जिंकणार. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्टनी जिंकली. चूक मुख्यतः कशामुळे?
(अ) नमुना लहान होता (आ) मोजणी चुकली (इ) चौकट आणि प्रतिसाद दोन्ही एकांगी होते (ई) मतदारांनी ऐनवेळी मत बदललं

उत्तर: (इ). पत्ते घेतले टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. महामंदीत फोन आणि मोटार कुणाच्या घरी असणार? त्यातही चौघांतल्या जेमतेम एकाने उत्तर पाठवलं, आणि उत्तर न पाठवणारे पाठवणाऱ्यांसारखेच होते असं मानायला आधार नव्हता. गॅलपने सुमारे पन्नास हजारांच्या नमुन्यावर रूझवेल्टचं नाव बरोबर सांगितलं. (अ) लिहिणाऱ्याने प्रश्नातला ‘वीस लाख’ हा आकडा पुन्हा वाचावा.

प्र. ७. प्रमाण त्रुटी निम्मी करायची तर नमुना किती पट हवा? (समष्टी खूप मोठी आहे.)
(अ) दीडपट (आ) दुप्पट (इ) चौपट (ई) आठपट

उत्तर: (इ). प्रमाण त्रुटी = σ/√n. n वर्गमुळात आहे.

विभाग २: चूक की बरोबर

१. प्रत्येक घराला निवडलं जाण्याची संधी सारखी असेल, तर तो साधा यादृच्छिक नमुनाच.
चूक. प्र. २ मधे प्रत्येक घराची संधी १/२० होती. पण ७ आणि ८ क्रमांकाची शेजारची घरं त्या पद्धतीत एकत्र कधीच येणार नाहीत. साध्या यादृच्छिक निवडीत ६२ घरांच्या *प्रत्येक संचाला* सारखी संधी लागते. हा प्रश्न मला फार आवडतो, त्यामुळे तो चाचणीतही असेल.

२. पाच गाई अनुक्रमे ४, ६, ८, १०, १२ लिटर दूध देतात. परत न ठेवता दोन-दोन गाईंचे नमुने घेतले तर बहुतेक नमुन्यांची सरासरी ८ येत नाही. तरीही नमुना सरासरी हा अनभिनत आकलक आहे.
बरोबर. नमुने एकूण १०. सरासरी ८ फक्त (४, १२) आणि (६, १०) यांचीच. पण दहाही सरासऱ्यांची सरासरी काढा, बरोबर ८ येते. अनभिनत म्हणजे दर खेपेला नेम लागणं नव्हे.

३. दहा कोटींच्या राज्याला दहा लाखांच्या शहरापेक्षा शंभरपट नमुना लागतो.
चूक. १,००० जणांच्या साध्या यादृच्छिक नमुन्यात टक्केवारीची ९५ टक्के विश्वासपातळीवरची चूक दोन्हीकडे जास्तीत जास्त तीन टक्क्यांच्या आसपासच राहते. रक्ततपासणीला पैलवानाचं रक्त बादलीभर काढत नाहीत.

४. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण ते शीत यादृच्छिक पद्धतीने निवडलेलं असतं.
चूक. आई झाकण काढून वरचंच शीत दाबते, म्हणजे ही सोयीची निवड. ती चालते, कारण पातेल्यातली शितं जवळपास सारखी शिजतात, प्रसरण नगण्य. लग्नाच्या पंगतीचा मसालेभात वरून मऊ आणि तळाला करपलेला असला की हीच परीक्षा फसते.

५. पीक कापणी प्रयोगात प्लॉट जितका लहान, तितका उत्पादनाचा अंदाज अचूक.
चूक. यावर महालनोबीस आणि पां. वा. सुखात्मे या दोन दिग्गजांत मोठा वाद झाला. सुखात्मे आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. फार लहान प्लॉटमधून उत्पादन फुगून येतं, हे त्यांनी दाखवलं. कारण साधं आहे. रेषेवरचं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. १ मीटर चौरसाला एका चौरस मीटरमागे ४ मीटर हद्द लागते, ५ मीटर चौरसाला फक्त ०.८ मीटर. हद्द जास्त तितकी ही ओढाताण जास्त.

६. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारचं उघडं घर घ्यावं, फरक पडत नाही.
चूक. दुपारी कुलूप असलेली माणसं रोजंदारीवर गेलेली असतात. त्यांच्या जागी घरी असणारी घेतली की मजुरांचा आकडा आपोआप घटतो. संध्याकाळी पुन्हा जा.

७. पूर्णगणना केली की कोणतीही त्रुटी उरत नाही.
चूक. नमुना त्रुटी जाते, बाकीच्या राहतात. जनगणनेत वयं ३०, ३५, ४० वरच गोळा होतात, कारण लोक अंदाजे सांगतात. गणनेत किती माणसं सुटली हे तपासायला नंतर जी पाहणी होते, ती नमुना पाहणीच असते.