विषय: साप्ताहिक विक्री अहवाल, पश्चिम विभाग (१५ ते २० फेब्रुवारी): व्हाइट बेसचा तुटवडा, बुधवारपर्यंत माल हवा

नमस्कार सर,

आठवड्याचं प्रायमरी बिलिंग ३८,४०० लिटर झालं. टार्गेट ४५,००० होतं, म्हणजे ८५ टक्के. महिन्याचा आकडा १,८०,००० पैकी १,१७,६०० लिटर (६५ टक्के). सेकंडरी मात्र ४१,९०० लिटर आहे. बाजारात माल उठतोय, आपणच पुरवू शकत नाही.

९,२०० लिटरच्या ऑर्डर अडकल्या आहेत. त्यातले ७,४०० लिटर म्हणजे २० लिटरच्या व्हाइट बेसच्या ३७० बादल्या. तेवढा माल असता तर आठवडा ४५,८०० वर बंद झाला असता. बेस नसला की डीलरचं टिंटिंग मशीन नुसतं उभं राहतं, आणि गिऱ्हाईक आलं की तो शेजारच्या कंपनीच्या बेसमध्ये तीच शेड काढून देतो. दक्षिण पट्ट्यातल्या चार डीलरनी गेल्या आठवड्यात हेच केलं.

उरलेल्या १,८०० लिटरच्या ऑर्डर एका वितरकाच्या क्रेडिट लिमिटमुळे ब्लॉक आहेत. साठ दिवसांवरची येणी ११ टक्क्यांवरून १४ वर गेली आहेत. कारण सरळ आहे: मागच्या तिमाहीच्या स्कीमचे २३ क्लेम अजून मंजूर नाहीत, आणि क्रेडिट नोट येईपर्यंत वितरक पैसे रोखून धरतात. वसुलीसाठी माणसं पाठवून हे सुटणार नाही.

पूर्व पट्ट्यात चित्र उलटं आहे. तिथे प्रायमरी ९,६०० आणि सेकंडरी ६,१०० लिटर; वितरकांकडे ४८ दिवसांचा स्टॉक साचलाय, आपला निकष ३० दिवसांचा आहे. महिनाअखेरीला तिथे आणखी माल ढकलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आज आकडा दिसेल, पुढच्या महिन्यात तोच माल परत येईल.

शेडची एक तक्रार आहे: सहा बादल्या फिक्या निघाल्या. मशीनच्या नोझलवरचा ओला स्पंज वाळल्यामुळे पिवळा कलरंट नोझलमध्ये सुकला होता, म्हणून डोस कमी पडत होता. साफ करून घेतलंय, पण कॅलिब्रेशनला टेक्निशियन लागेल.

मुख्यालयाकडून हवं ते असं:

१. व्हाइट बेसच्या ३७० बादल्या बुधवारी सकाळी डेपोत. वाहतुकीला दोन दिवस लागतात, म्हणजे आजच गाडी निघायला हवी. २० लिटर नसेल तर १० लिटरच्या ७४० चालतील, पण लिटरमागे दर तोच ठेवावा. नाहीतर डीलर घेणार नाहीत.
२. २३ क्लेमपैकी कागदपत्रं पूर्ण असलेल्या १७ च्या क्रेडिट नोट गुरुवारपर्यंत. उरलेल्या सहांची बिलं आम्ही मंगळवारी पाठवतो.
३. ब्लॉक झालेल्या वितरकाला १,८०० लिटरपुरती एकवेळची सूट. त्याच्या क्लेमची रक्कम या ऑर्डरपेक्षा जास्त आहे, त्यामुळे जोखीम फारशी नाही.
४. टेक्निशियनचा एक दिवस, शक्यतो शुक्रवारच्या आत.

पहिल्या आणि तिसऱ्या मुद्द्याला होकार मिळाला तर महिना १,६५,००० लिटरच्या आसपास, ९२ टक्क्यांवर बंद होईल. नाही मिळाला तर ८५ धरून चला. डीलरनिहाय शीट सोबत जोडली आहे. बेसची गाडी निघाली की नंबर कळवावा, डेपोत उतरवून घ्यायची माणसं तयार ठेवतो.

आपला,
विभागीय विक्री व्यवस्थापक, पश्चिम विभाग