घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका पाठवण्यास मुदतवाढ मिळण्याबाबत

दि. 6 ऑगस्ट 2021

प्रति,
मा. मुख्याध्यापिका
(वर्गशिक्षिका, नववी ‘ब’ यांच्यामार्फत)

महोदया,
स. न. वि. वि.

माझी मुलगी सानिका आपल्या शाळेत नववी ‘ब’मध्ये शिकते, हजेरी क्रमांक 17. काल तिचा गणिताचा पेपर होता. तिने तो वेळेत सोडवला, पण उत्तरपत्रिका क्लासरूमवर वेळेत पोहोचली नाही. संध्याकाळपर्यंत तिथे तिच्या नावापुढे लाल अक्षरांत ‘मिसिंग’ दिसत होते.

शाळा ऑनलाइन झाल्यापासून आम्ही संगमेश्वर तालुक्यातील गावच्या घरी राहतो. 22 जुलैच्या अतिवृष्टीत वाडीतले विजेचे खांब पडले, त्यांच्यावरून आलेली इंटरनेटची केबलही तुटली. वीज आता येते, पण दिवसातून अनेकदा जाते. दुरुस्तीची माणसे चिपळूण-खेडकडे गुंतली आहेत आणि तिथली अवस्था पाहता आम्ही घाई करणे बरे नाही. तोवर मोबाइलच्या रेंजवरच भागवतो. वीज गेली की टॉवर काही वेळ बॅटरीवर चालतो, मग रेंजही जाते. काल तसेच झाले. प्रश्नपत्रिका सकाळी उघडली, ती सानिकाने वहीत उतरवून घेतली. लिहून झाल्यावर आठ पानांचे फोटो चढवताना मात्र तिसऱ्या पानावर सगळे अडकले. संध्याकाळी तिच्या बाबांनी फोन देवरुखला नेला, तेव्हा कुठे सगळी पाने गेली.

माझी विनंती अशी, की गणिताची ही उत्तरपत्रिका उशिरा आली तरी तपासावी. तसेच शनिवारी 7 तारखेला विज्ञान आणि सोमवारी 9 तारखेला समाजशास्त्र आहे. या दोन पेपरांच्या उत्तरपत्रिका त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत पाठवण्याची मुभा मिळावी. लिहायला जास्तीचा वेळ आम्हाला नको. इतर मुलांइतक्याच वेळात ती लिहील, मी समोर बसेन. वेळ संपताच प्रत्येक पानावर सही करून वेळ टाकीन आणि बाईंना साधा एसएमएस करीन. नेट नसले तरी थोडी रेंज आली की तो जातो. खात्री करण्यासाठी बाईंनी त्या वेळी तिला फोनवरून दोन प्रश्न विचारले तरी चालेल. मूळ कागद जपून ठेवले आहेत, सांगाल तेव्हा शाळेत आणून देऊ.

वर्षभर तिने ओटीवरच्या एका कोपऱ्यात, जिथे रेंज येते तिथे बसून अभ्यास केला आहे. गणित तर तिचा जीव की प्राण. न तपासताच या पेपराला शून्य मिळू नये, एवढेच माझे मागणे आहे.

उद्याच्या पेपराआधी कळवलेत तर फार बरे होईल. घरी फोन लागला नाही तर निरोप एसएमएसने पाठवावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
सानिकाची आई