पाडव्याला आपला डंक सुरू झाला

(फोटोसोबत, घरच्या ग्रुपवर)

सगळ्यांना पाडव्याचा नमस्कार! आज सकाळी वडगावात आपला चटणी-मसाल्याचा डंक सुरू झाला. फोटो बघा. पाटीवर वर कन्नड, खाली मराठी, आणि दोन्हीकडं आईचंच नाव. आंब्याचं तोरण आणि झेंडूच्या माळा पोरांनी रात्री बारापर्यंत बसून ओवल्या. मशिनवरचा शेवंतीचा जाड हार मात्र आईनं स्वतः घातला.

थ्री फेजच्या कनेक्शनसाठी चार महिने हेलपाटे घातले, ते आज विसरलो. आईनं रोज पिग्मीला टाकलेले पैसे नसते, तर मशिनचा अॅडव्हान्ससुद्धा भरता आला नसता.

पहिला घाणा हळकुंडांचा घेतला. मिरची नंतर. मुसळं खाली पडायला लागली तशी दुकानभर पिवळी धूळ उडाली, हारावरची पांढरी शेवंती पिवळी झाली. आई ते बघत नुसती उभी राहिली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या अज्जी. आज त्यांची उगादी, आपला पाडवा. वाटीत कडुनिंब-गूळ घेऊन आल्या, दोन किलो मिरची ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "छलो आगलि, मगा." माझ्या घशाशी आलं.

उद्यापासून सकाळी आठ ते रात्री आठ. उन्हाळ्याची चटणी करायची असेल त्यांनी मिरच्या चांगल्या कडक वाळवून आणा. ओल धरलेली मिरची नीट कांडत नाही आणि चटणीला बुरशी येते.

(अक्काचं उत्तर, पुण्याहून)

बाळा, फोटो मोठा करून करून बघितला रे. तोरण बघितलं, पाटी बघितली, आणि मग मागं कोपऱ्यात आई दिसली. इरकल नेसलीय, पदर हळदीनं माखलाय. तिथंच थांबले.

तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतास. आई दुसऱ्यांच्या चटण्या उखळात कांडून द्यायची. रात्री हाताची आग व्हायची म्हणून खोबरेल लावून बसायची, आणि मी फुंकर घालायची. त्या हातांनी आज मशिनला हार घातला. दादा असते तर पहिला नारळ त्यांनीच फोडला असता आणि गल्लीभर पेढे वाटत सुटले असते.

तू नेटानं केलंस रे. कनेक्शनसाठी फिरताना फोनवर तुझा आवाज बारीक झालेला मला कळायचा, पण तू एकदाही "नको आता" म्हटलं नाहीस. फार मोठा हो. अज्जींना माझा नमस्कार सांग.

आता माझी ऑर्डर लिहून घे. तिखटाला संकेश्वरी दीड किलो, रंगाला ब्याडगी दीड किलो. कांदा-खोबरं आईनं भाजायचं, दुसऱ्या कुणी नाही. पैसे मी देणार, बोहनीच्या आठवड्यात फुकट काही न्यायचं नसतं. शनिवारी रात्रीच्या गाडीनं आम्ही चौघं येतोय. तो हार वाळला तरी काढू नकोस, मला मशिनवर असलेला बघायचाय.