खोलीची किल्ली

सातची गाडी चुकली तर दिगांबरभाऊ पुन्हा तयार होणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी सहालाच त्यांच्या अंगणात जाऊन बसले. वहिनींनी चहा दिला आणि कपाखाली एक किल्ली सरकवली. फवारणीची औषधं ज्या खोलीत असतात, तिची. मी ती ब्लाऊजमध्ये खोचली.

"मी काय येडा हाव का, आशाताई? लोकं पाह्यतीन तं काय म्हनतीन?"

"झोप नाई येत ना भाऊ? तेवढंच सांगायचं डॉक्टरले."

खरं तर तेवढंच नव्हतं. आठवड्यापूर्वी ओसरीत बसून मी फॉर्ममधले नऊ प्रश्न विचारले होते. आठांना त्यांनी मान हलवली. नवव्याला, मरण बरं असं वाटतं का, या प्रश्नाला, ते उठून बैलांना पाणी पाजायला गेले. बैल विकून महिना झाला होता.

बँकेचं पीककर्ज थकलं म्हणून नवं मिळेना, नवं मिळेना म्हणून सावकार. त्यात बोंडअळीनं सलग दोन वर्षं कपाशी पोखरली. हे गावात सगळ्यांना माहीत. ते जेवत नाहीत, हे फक्त वहिनींना.

यवतमाळला केसपेपरच्या रांगेतच दीड तास गेला. मनोविकार विभागाची पाटी दिसली तशी भाऊंनी टोपी डोळ्यांवर ओढली. बाकावर आमच्याच बाजूच्या गावचा एक माणूस बसला होता. त्यानंही मान वळवली. दोघांची लाज सारखीच, पण बोलणार कोण!

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. झोप, भूक विचारून झाल्यावर आढेवेढे न घेता त्यांनी विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं?"

माझा श्वास अडकला. भाऊ बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "येते."

बाई दचकल्या नाहीत. हा आजार आहे, गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, बरं वाटलं तरी मनानं बंद करायच्या नाहीत, असं त्यांनी सांगितलं. रात्री-बेरात्री जीव घाबरला तर १४४१६ ला फोन करायचा.

"गोळीनं कर्ज फिटते का, मॅडम?"

"नाही फिटत. पण बँकेत जाऊन बोलायला माणूस तर उभा राहिला पाहिजे."

परतीच्या गाडीत मी दोनदा किल्ली चाचपली. भाऊ खिडकीशी, गोळ्यांची पुडी मुठीत. बाभूळगाव गेलं तसे ते हळूच म्हणाले,

"वनितानं तुमाले किल्ली देल्ली, मी पाह्यलं."

मी गप्प.

"कोठ्यात एक डबा हाय. कुटाराच्या मांगं. तिले ठाव नाई."

"मंग उतरल्यावर पयले कोठ्यातच जाऊ," मी म्हणाले.

त्यांनी तिकीट बोटाभोवती गुंडाळलं, उलगडलं, पुन्हा गुंडाळलं.

"जाऊ," ते म्हणाले.