उजळणी: रोमन काँक्रीट व्हॉल्ट विरुद्ध गॉथिक रिब्ड व्हॉल्ट

(आर्किटेक्चर दुसरे वर्ष, इतिहासाचा पेपर, 15 गुणांचा तुलनेचा प्रश्न)

दोनच इमारती पक्क्या करा: रोममधली मॅक्सेंशियसची बॅसिलिका (इ.स. 306 नंतर सुरू, पूर्ण केली कॉन्स्टंटाइनने) आणि आमियांचे कॅथेड्रल (1220 पासून). बाकीची नावे जोडीला येतील. दहा इमारतींची यादी देऊन एकीचेही नीट वर्णन न करणाऱ्या उत्तराला मी कमीच गुण देतो.

रचना

"रोमन व्हॉल्ट एकसंध, म्हणून त्याला थ्रस्ट नाही" हे वाक्य जुन्या गाइडमधून पाठ झाले असेल तर विसरा. काँक्रीट ताणात कमजोर असते, त्यामुळे तडे जातात आणि तडे गेले की वजन बाहेर ढकलतेच. पँथिऑनच्या 43 मीटरच्या घुमटालाही खालच्या भागात उभ्या चिरा आहेत. थ्रस्ट दोन्हीकडे आहे. तो कुठे आणि कशाने अडवला, हा तुलनेचा कणा.

मॅक्सेंशियसमध्ये मधल्या दालनावर तीन ग्रोइन व्हॉल्ट होते, गाळा सुमारे 25 मीटर. त्यांचा थ्रस्ट बाजूच्या बॅरल व्हॉल्टच्या दालनांमधल्या जाड आडव्या भिंती घेत. म्हणजे बट्रेस इमारतीच्या पोटातच, आणि त्यांच्यामधली जागा वापरात. मधले छत पडले, उत्तरेकडची तीन दालने उभी आहेत. व्हॉल्टखाली दिसणारे संगमरवरी खांब बव्हंशी शोभेचे होते: उरलेला एक सतराव्या शतकात सांता मारिया माज्जोरेसमोर नेला, तरी व्हॉल्टची मुळे भिंतीतून अजून बाहेर आलेली दिसतात. ही ओळ उत्तरात जरूर घाला.

गॉथिकमध्ये चार रिब आणि आडव्या कमानी गाळ्याची चौकट आखतात, मधल्या पाकळ्या पातळ दगडी. टोकदार कमानीचा थ्रस्ट तेवढ्याच गाळ्याच्या अर्धवर्तुळाकार कमानीपेक्षा कमी. तो कोपऱ्यांत गोळा होतो आणि फ्लाइंग बट्रेस तो बाहेरच्या खांबांवर नेतात. भिंतीवरचा भार हलका झाला, म्हणून तिथे काच आली.

"सगळे वजन रिबच पेलतात" असे ठामपणे लिहू नका. व्हियोले-ल-द्युकचे मत तसे होते. 1934 मध्ये पोल अब्राहामने ते खोडायचा प्रयत्न केला. दोघांचे एकेक वाक्य पुरे.

भूमिती मात्र आकृतीसह हवी. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची गाळ्यावर ठरते, म्हणून रोमन ग्रोइन व्हॉल्टला चौरस गाळा सोयीचा. टोकदार कमान रुंदी तीच ठेवून उंच-बुटकी करता येते, म्हणून आमियांत आयताकृती गाळेही एकाच उंचीला मिळतात.

बांधकाम

रोमन पद्धत: चुना, पोझोलाना (ज्वालामुखीची राख) आणि दगड-विटांचे तुकडे, थरावर थर. वर जाताना भर हलकी. पँथिऑनच्या माथ्याशी प्युमिस. कुशल गवंडी कमी लागत, पण व्हॉल्टच्या संपूर्ण पृष्ठभागाला लाकडी सेंटरिंग हवे, आणि ते अवाढव्य. विटांच्या रिब रोमनांकडेही होत्या, पण काँक्रीटमध्ये गाडलेल्या. रिब हा गॉथिकांचा शोध नव्हे. आणि ड्यूरममध्ये (1093 पासून) त्या गॉथिकच्या आधीच उघड दिसतात.

गॉथिक पद्धत: आधी रिबपुरते सेंटरिंग, मग पाकळ्या रांगेरांगेने. तेच सेंटरिंग पुढच्या गाळ्याला. लाकूड वाचले, पण प्रत्येक दगड साच्यावरून कोरणारे पाथरवट हवेत. व्हॉल्टवर वेगळे लाकडी छप्पर असते: 2019 मध्ये नोत्र दामचे छप्पर जळाले, मनोरा कोसळून व्हॉल्टला भोके पडली, तरी बहुतेक व्हॉल्ट टिकला.

अवकाश

इथे मुले "भव्य" आणि "दिव्य" लिहून थांबतात. आकडे द्या. मॅक्सेंशियस: रुंदी 25, उंची 35 मीटर, प्रमाण 1 : 1.4. आमियां: रुंदी सुमारे 14.6, उंची 42 मीटर, म्हणजे जवळजवळ 1 : 3. गॉथिक उंच आहे, रुंद नाही. गाळ्याच्या बाबतीत रोमन पुढेच.

रोमन दालनात माणूस एका मोठ्या पोकळीच्या मध्यात उभा राहतो. गिलावा, संगमरवर आणि कॉफर यांच्याआड वजन कसे उतरते ते कळत नाही. आमियांत रिब खांबाच्या बारीक दांड्यांतून थेट जमिनीकडे उतरते, आणि गाळ्यामागून गाळा नजरेला वेदीकडे खेचतो. भार सांगितल्यासारखा दिसतो, अर्थात तोही अर्धाच, कारण खरा आधार देणारे फ्लाइंग बट्रेस आतून दिसत नाहीत.

वेळ उरला तर बोव्हे: 48 मीटर उंचीचे क्वायर, 1284 मध्ये व्हॉल्टचा भाग कोसळला. कारण एकच ठोकून लिहू नका, त्यावर अजून वाद आहे. छेदचित्रे दोन, एकाच स्केलवर शेजारी, थ्रस्टचे बाण लाल पेन्सिलीने.