गच्चीवरची सौर वीज: बिलात नेमके किती रुपये वाचतात?
(व्हिडिओ संहिता, कालावधी सुमारे 4 मिनिटे)

दृश्य 1: टेबलावर महावितरणचे घरगुती वीजबिल. कॅमेरा 'एकूण वापर: 300 युनिट' या ओळीवर थांबतो.

निवेदक: नमस्कार. 'सोलर बसवा आणि बिल शून्य करा' ही जाहिरात आपण पाहिली असेल, आणि तिच्यावर आपला विश्वास बसला नसेल तर ते योग्यच आहे, कारण बिल शून्य होत नाही. ते किती होते, हे आपण साताऱ्यातील एका चौकोनी कुटुंबाच्या बिलावरून पाहू. हिशेब सोपा राहावा म्हणून दर पूर्णांकाजवळ आणले आहेत आणि इंधन समायोजन आकार धरलेला नाही.

दृश्य 2: पांढऱ्या फलकावर आकडे एकेक करून लिहिले जातात.

निवेदक: वहन आकार धरून पहिली 100 युनिटे 6 रुपये दराने, म्हणजे 600 रुपये. पुढची 200 युनिटे साडेअकरा रुपये दराने, म्हणजे 2,300 रुपये. त्यात 130 रुपये स्थिर आकार आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क मिळवले की बिल सुमारे 3,500 रुपये होते, वर्षाला 42,000. यातली मेख अशी की वरची 200 युनिटे खालच्यांच्या जवळजवळ दुप्पट दराने पडतात, आणि सौर यंत्रणा नेमकी हीच महागडी युनिटे आधी कमी करते.

दृश्य 3: गच्चीवर 3 किलोवॅटची यंत्रणा; मग जिन्याखालचा नेट मीटर, त्यावर आयात आणि निर्यातीचे आकडे.

निवेदक: 3 किलोवॅटच्या यंत्रणेला साधारण 300 चौरस फूट मोकळी जागा लागते. उन्हाच्या आठ महिन्यांत ती महिन्याला 350 युनिटे देते असे धरू, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत फक्त 200. वर्षाची बेरीज 3,600 युनिटे, म्हणजे या घराच्या वापराइतकीच. मग बिल शून्य का नाही? जास्तीची युनिटे पुढच्या महिन्यात वळती होतात, पण हे खाते 31 मार्चला बंद होते आणि उरलेल्या युनिटांना घरगुती दराच्या मानाने कमीच पैसे मिळतात. त्यामुळे एप्रिल आणि मेमध्ये साठलेली 100 युनिटे जूनची तूट भरून काढतात, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मात्र दरमहा 100 युनिटे विकत घ्यावी लागतात. या तीन महिन्यांचे बिल प्रत्येकी सुमारे 850 रुपये येते, तर उरलेल्या नऊ महिन्यांत स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क धरून सुमारे 150 रुपये.

दृश्य 4: फलकावर दोनच ओळी. 'आधी: 42,000. नंतर: 3,900.'

निवेदक: बचत वर्षाला 38,100 रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी 3,175 रुपये.

आता खर्च. या घराला मिळालेले दरपत्रक 1,95,000 रुपयांचे होते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळते, तेव्हा पदरचे 1,17,000 रुपये लागतात आणि ते तीन वर्षांच्या थोडे पुढे जाऊन वसूल होतात. अनुदान मात्र यंत्रणा सुरू झाल्यानंतर आपल्या बँक खात्यात जमा होते, त्यामुळे तोपर्यंत ती रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. 1,17,000 रुपये 7 टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे 2,320 रुपये येतो, म्हणजे तो वाचलेल्या पैशांतूनच भागतो.

दृश्य 5: दुसरे बिल, 'एकूण वापर: 100 युनिट'.

निवेदक: ज्यांचा वापर महिन्याला 100 युनिटांच्या आतच आहे, त्यांचे वाचणारे युनिट 6 रुपयांचे असते. 70,000 रुपयांची 1 किलोवॅटची यंत्रणा 30,000 रुपये अनुदानानंतर 40,000 ला पडते आणि महिन्याला फार तर 700 रुपये वाचवते. अशा घराला पैसे वसूल व्हायला पाच वर्षे किंवा त्याहून थोडा अधिक काळ लागतो, म्हणून त्यांनी घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एसी किंवा विजेवरची दुचाकी घ्यायचा विचार असेल, तर गोष्ट वेगळी.

दृश्य 6: गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडलेली, शेजारी एक गृहिणी ओल्या फडक्याने धूळ पुसत आहे.

निवेदक: बॅटरी नसलेली ही यंत्रणा वीज गेली की बंद पडते, कारण खांबावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला उलट्या प्रवाहाचा धोका होऊ नये अशी तिची रचना असते, तेव्हा इन्व्हर्टरची जुनी बॅटरी काढून टाकू नका. पॅनेलवर धूळ साचली किंवा टाकीची सावली पडली, तर वर सांगितलेले आकडे खाली येतात. म्हणून दरपत्रक मागण्याआधी मागची बारा बिले एकत्र काढा, एखाद्या स्वच्छ दिवशी सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत गच्चीवर कुठे सावली पडते ते खडूने आखून ठेवा, आणि पाहणीला येणाऱ्याला पावसाळ्याच्या चार महिन्यांचा अंदाज वेगळा लिहून द्यायला सांगा.