गिरनारचं माझं तिकीट काढू नका

जय गिरनारी, मंडळी!

कालपासून ग्रुपवर जो धुमाकूळ चाललाय तो वाचून एकटीच हसतेय. अभ्यानं नवे बूट घेतले काय, शिल्पा पहाटे कमाटीबागेत फेऱ्या मारायला लागली काय! मंदार, तू आज तिकिटं काढणार आहेस ना? पाचच काढ. मी येत नाहीये.

लगेच फोन करू नका, आधी पुरतं वाचा. उजव्या गुडघ्याचं तुम्हाला माहीतच आहे, कूर्चा झिजलीय. सपाटीवर हवं तेवढं चाला, जिने मात्र कामापुरते, असं डॉक्टरांनी बजावलंय. चढताना एक वेळ निभतं, उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो. हल्ली मी आमच्या दुसऱ्या मजल्यावरून कठडा धरून खेकड्यासारखी आडवी उतरते. परवा शेजारचा चार वर्षांचा चिंटू मागून आला आणि म्हणाला, "मावशी, तू जा आधी, मी थांबतो." बराच वेळ थांबला बिचारा. आणि गिरनारला पायऱ्या जवळपास दहा हजार! (नीता, हसून घे.)

रोपवेचं म्हणाल, तर तो अंबाजीपर्यंतच. पुढे गोरखनाथ, मग उतार, मग दत्तशिखराचा चढ, आणि येताना तेवढंच परत. डोलीत बसायचं तर आधी वजन करून भाव ठरतो. तो आकडा तुमच्यासमोर जाहीर होणार असेल तर नको रे बाबा.

"मग आपण सगळेच अंबाजीवरून परतू" हे शिल्पा टाइप करतेय, मला इथून दिसतंय. पुसून टाक. पादुकांवर डोकं टेकल्याशिवाय परत आलात तर मी दार उघडणार नाही. पुढच्या वर्षावर ढकलायचंही नाही. इतक्या वर्षांत पाच जणांच्या रजा पहिल्यांदा जुळल्यात.

भवनाथहून रात्रीच निघा, उन्हाच्या आत वर पोचाल. तळेटीला काठी घ्याच, चढताना नाही तर उतरताना आठवण येईल. वारा सुटला की रोपवे बंद ठेवतात, तेव्हा त्याच्या भरवशावर परतीची गाडी अगदी लगतची धरू नका. कमंडलू कुंडावर प्रसाद घ्या आणि माझ्या वाटणीचा कागदात बांधून आणा. वरून व्हिडिओ कॉल करा, रेंज असेल तर. नसेल तर घरी आल्यावर दोन तास ऐकेन, तेव्हा मात्र घाईत गुंडाळायचं नाही.

शुक्रवारी दशम्या, लसणाची चटणी आणि गूळपापडी घेऊन स्टेशनवर येते. गाडी एक नंबरवर आली तर डब्यापर्यंत, नाहीतर पुलाच्या पायथ्याशीच हातात देईन.

अभ्या, ते बूट आठवडाभर घालून हिंड आधी, नाहीतर अंगठ्याला फोड येतील.

आणि स्टीलचे डबे झाकणांसकट परत हवेत.